तेराव्यानंतरचा पहिला दिवस

समजा केज तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींचे वडील वारले. तेरावं उरकून गुरुजी दुसऱ्या दिवशी शाळेत हजर झाले, डोक्याचं मुंडण केलेलं. फाटकातच कोणी तरी विचारतं, "काय गुरुजी, तिरुपतीला जाऊन आलात का?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, त्याला बातमीच कळलेली नसते. पण "नाही, वडील गेले" हे गुरुजींनाच फाटकात उभं राहून सांगावं लागतं.

म्हणून दुखवट्याला जाऊन आलेल्या एकाने आदल्याच दिवशी मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना कळवून ठेवावं. कोण गेलं, कधी गेलं, एवढं पुरे.

सगळ्यात जास्त त्रास "कसं झालं हो?" या प्रश्नाचा होतो. विचारणारा तो एकदाच विचारतो, पण गुरुजींना मधल्या सुट्टीपर्यंत दवाखाना, ॲम्ब्युलन्स, शेवटची रात्र हे सगळं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. बीड जिल्ह्याने शेतकरी आत्महत्या फार पाहिल्या आहेत. अशा घरातून आलेल्या माणसाला "कर्ज किती होतं?" असं विचारणं म्हणजे त्याची चौकशी लावणं होय. "वय झालं होतं, सुटले बिचारे" हे घरच्यांनी म्हणावं, बाहेरच्यांनी नाही.

"इतक्यात कामावर?" हेही नको. १९९९च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकर वडिलांच्या अंत्यसंस्कारासाठी इंग्लंडहून मुंबईला आला, परतला आणि २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा केल्या. शतक होताच त्याने आकाशाकडे पाहिलं. लवकर परतलेल्याचं दुःख कमी असतं, असं कोण म्हणेल?

मग बोलावं काय? "दादांचं कळलं. फार वाईट वाटलं." गेलेल्या माणसाची एखादी खरी आठवण असेल तर तीही सांगावी, आणि थांबावं. त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतील. "काही लागलं तर सांगा" यापेक्षा नेमकं काम उचलावं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, म्हणजे गुरुजी रुजू होतात तेव्हा जेमतेम आठवडा उरलेला असतो. दुपारी बाजूला घेऊन म्हणावं, "दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत जायचं राहिलं असेल तर उद्या जाऊन या, तुमचे तास मी घेतो."

नवरा गेलेल्या बाई रुजू होतात तेव्हा मात्र बोलण्याआधी नजर सांभाळावी लागते. कपाळाकडे, गळ्याकडे पाहून काहीही विचारू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. शाळेत किंवा कचेरीत संक्रांतीचं हळदीकुंकू असेल, तर त्या बाईंचं नाव यादीतून गुपचूप गाळू नये. निमंत्रण सगळ्यांसारखंच द्यावं. यायचं की नाही, ते त्या ठरवतील.