कानातली नळी आणि रंगपंचमीचं पाणी

मी तोफखान्यात नोकरी केली. तोफांच्या आवाजाने माझा डावा कान निम्मा गेलाय. त्यामुळे घरात टीव्हीचा आवाज कुणी वाढवला तर दोष माझ्यावरच यायचा. दोन वर्षांपूर्वी सूनबाईंच्या लक्षात आलं की आवाज वाढवणारा मी नाही, आमचा पाच वर्षांचा नातू ओजस आहे. हाक मारली की वळायचा नाही, शाळेतून तक्रार यायची की लक्ष देत नाही. तपासणीत कळलं, दोन्ही कानांच्या पडद्यामागे घट्ट, चिकट पाणी साठलेलं आहे. तीन महिने वाट पाहिली, ते ओसरलं नाही. मग नोव्हेंबरात इंदूरला दोन्ही पडद्यांत ग्रोमेट बसवले.

ग्रोमेट म्हणजे पडद्याला छोटा छेद देऊन त्यात बसवलेली बारीक नळी, मधोमध पोकळ, दोन्हीकडे कडा असलेली. तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. तिचं काम पाणी उपसत राहणं नाही, पडद्यामागे हवा पोचवणं आहे. नाकामागून कानाकडे जाणारी नळी लहान मुलांत नीट काम करत नाही, तिचं काम हे भोक तात्पुरतं करतं. मूल त्याच दिवशी घरी येतं. पहिले एक-दोन दिवस कानातून थोडं लालसर पाणी आलं, त्याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती.

आता घरचा प्रश्न. पडद्याला भोक आहे, मग अंघोळ कशी घालायची? आमच्याकडे बादली-तांब्याची अंघोळ. माझी पहिली योजना अशी होती की कानात कापूस ठासायचा, वर प्लास्टिकची टोपी, आणि शक्यतो डोकं धुवायचंच नाही. डॉक्टर हसले. म्हणाले, साधं पाणी एवढ्या बारीक भोकातून सहज आत जात नाही, कारण पाण्याचा पृष्ठताण त्याला भोकाच्या तोंडाशीच अडवतो. पण साबण आणि शाम्पू तो ताण कमी करतात, म्हणून साबणाचं पाणी आत झिरपतं. सांभाळायचं ते डोकं धुण्याच्या दिवशी. कापसाचा बोळा घेऊन त्याला बाहेरून व्हॅसलीन चोपडायचं आणि कानाच्या बाहेरच्या खळग्यात नुसता टेकवायचा, आत दाबायचा नाही. मूल मान मागे टाकून बसतं, पाणी कपाळाकडून मागे ओतायचं. अंघोळ झाली की बोळा लगेच काढायचा. कानात काडी, बड, तेल यातलं काहीही घालायचं नाही. कोमट तेलाबद्दल माझ्या बहिणीशी माझा वाद झाला, तो मी इथे सांगत नाही.

पोहण्याबद्दल तर मला अगदी वाईट वाटत होतं, कारण त्याला पोहायला मीच शिकवायला लागलो होतो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या मार्गदर्शनात सांगितलं की ग्रोमेट असलेल्या प्रत्येक मुलाला सरसकट पाण्यापासून दूर ठेवण्याची किंवा कानात बूच घालण्याची गरज नाही. आमच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनंतर महिनाभर थांबायला सांगितलं. त्यानंतर क्लोरीन घातलेल्या तलावात, पाण्याच्या वरच्या वर पोहायला परवानगी. मनाई होती ती बुडी मारायला आणि फळीवरून उडी टाकायला, कारण खोल गेलं की पाण्याचा दाब वाढतो आणि पृष्ठताण तिथे पुरा पडत नाही. नदी, तळं, विहीर यांचं पाणीही नको, ते जंतूंनी भरलेलं असतं. ज्या मुलाचा कान पोहल्यावर दर वेळी वाहतो, त्याने मात्र बूच वापरावं. विमानाची भीती बाळगायचं तर कारणच नाही. उलट नळीमुळे दाब दोन्हीकडे सारखा राहतो.

एवढं शहाणपण पदरी असून आम्ही चुकलो रंगपंचमीला. इंदूरची रंगपंचमी तुम्हाला माहीत असेल, गेर निघते, टँकरने रंगीत पाणी उडतं. माझ्या खांद्यावर बसून ओजस नखशिखांत भिजला. दोन दिवसांनी उशीवर पिवळट डाग. उजवा कान वाहत होता. ताप नाही, दुखणं नाही, कारण पू साठत नव्हता, नळीतून बाहेर येत होता. पडदा बंद असता तर तो पू आत दाटून मूल रात्रभर रडलं असतं.

मी कपाटातून कानाच्या थेंबांची जुनी बाटली काढली. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आधी नाव वाचा." चश्मा लावून वाचलं, जेंटामायसिन. या गटातलं औषध भोकातून आतल्या कानापर्यंत पोचलं तर श्रवणशक्तीलाच धोका असतो. पडदा शाबूत असताना लिहून दिलेली बाटली भोक असलेल्या कानात चालेलच असं नाही. त्या दिवशी ती बाटली मी ओतली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करतो.

डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन असलेले थेंब दिले, चार थेंब दिवसातून दोनदा, सात दिवस. तोंडाने घ्यायचं अँटिबायोटिक दिलं नाही, कारण थेंब थेट जागेवर पोचतात. पण ते पोचवावे लागतात. बाहेर आलेला पू आधी कापसाने टिपून घ्यायचा, नाहीतर औषध पुवावरच तरंगतं. बाटली हाताच्या मुठीत धरून कोमट करायची, गार थेंबाने चक्कर येते. मूल कुशीवर, वाहता कान वर. थेंब टाकले की भोकाच्या तोंडाशी, गालाच्या बाजूला जो छोटा कडक उंचवटा असतो, तो बोटाने चार-पाच वेळा आत दाबायचा. त्याने थेंब नळीतून आत ढकलले जातात. मग तीन-चार मिनिटं तसंच पडून राहायचं. तिसऱ्या दिवशी वाहणं थांबलं, तरी सातही दिवस पुरे केले. तोवर पोहणं बंद. आठवड्यानंतरही कान वाहत राहिला, सारखं रक्त आलं, ताप चढला किंवा कानामागे सूज आली, तर मात्र घरी थांबायचं नाही. आणि स्वतःच्या मनाने थेंब लांबवायचेही नाहीत, त्याने कानात बुरशी धरते.

नळी काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते का, हे मला सगळे विचारतात. बहुतेक वेळा नाही. पडद्याची त्वचा हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असते, तीच नळीला ढकलून बाहेर काढते. साधारण सहा महिने ते दीड वर्षात ती पडते, मळात अडकून, बरेचदा कुणाला कळतही नाही. मागचं भोक सहसा आपोआप बुजतं. थोड्या मुलांत ते उरतं आणि पुढे बुजवावं लागतं. दोन-तीन वर्षांनीही नळी पडली नाही तर डॉक्टर ती काढतात.

ओजसची उजवी नळी दहाव्या महिन्यात तपासणीत मळात सापडली, त्याने ती काडेपेटीत ठेवलीय. त्या कानाची श्रवणचाचणी चांगली आली. डावी जानेवारीत पडली. त्यानंतर त्याला सर्दी झाली आणि त्या पडद्यामागे पुन्हा थोडं पाणी दिसलं. काही मुलांना दुसऱ्यांदा नळी बसवावी लागते हे खरं, पण लगेच नाही, आधी तीन महिने पाहायचं. मधल्या काळात वर्गात त्याला पुढच्या बाकावर, उजवा कान बाईंकडे राहील असं बसवलंय. चाचणी एप्रिलात आहे. सध्या जेवताना तो माझ्या उजव्या हाताला बसतो, म्हणजे माझा धड कान त्याच्याकडे. त्याने मात्र ताट घेऊन समोर यावं, म्हणजे त्याचाही धड कान माझ्याकडे येईल, असं त्याचं म्हणणं आहे.