एक्स-रे नॉर्मल, मग गुडघा का दुखतो?

(ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीतील भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेतला माणूस. पण ऑडिट रिपोर्ट हाती आला की आधी बघायचं, तपासलं काय आणि तपासलंच नाही काय, ही सवय अंगवळणी पडलेली आहे. गुडघ्याच्या एक्स-रेचा रिपोर्टही तसाच वाचावा.

एक्स-रेमध्ये हाड स्पष्ट दिसतं. हाडांच्या टोकांवरची कूर्चा, मधल्या दोन गाद्या (डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात) आणि लिगामेंट मात्र त्यात उमटत नाहीत. फोटोत दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसते ना, ती रिकामी नसते. कूर्चा आणि गाद्या तिथेच असतात. 'जॉइंट स्पेस प्रिझर्व्ड' म्हणजे फट पुरेशी रुंद आहे, एवढंच. गादी धड आहे असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

आमच्या घरचंच सांगतो. सौ. ६२ वर्षांची. गौरींच्या दिवसांत खाली बसून उठताना गुडघ्याच्या मागे 'कट्' असं वाजलं. एक्स-रे नॉर्मल आला, पण सहा आठवडे झाले तरी जिना उतरवेना. हाडाच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "फोटो झोपवून काढला का?" झोपल्यावर गुडघ्यावर भार नसतो, त्यामुळे कूर्चा झिजलेली असली तरी फट रुंद दिसू शकते. म्हणून दोन्ही गुडघ्यांचा उभं राहून फोटो काढला. तोही चांगलाच.

मग त्यांनी खुबा फिरवून पाहिला, कारण खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. तो मोकळा होता. गुडघ्याच्या आतल्या बाजूला सांध्याच्या रेषेवर बोट दाबलं, तर तिथेच कळ. तेव्हा एमआरआय सांगितला. आतल्या गादीचं मागचं मूळ हाडापासून सुटलेलं निघालं. मूळ सुटलं की गादी भाराखालून बाहेर सरकते आणि कूर्चा भराभर झिजू लागते. हिची कूर्चा अजून चांगली होती, पायही सरळ, म्हणून मूळ पुन्हा हाडाला शिवता आलं. झीज फार झाली असती तर शिवण्यात अर्थ नव्हता, असं डॉक्टरच म्हणाले.

म्हणून उठसूट एमआरआय काढा, असं मात्र मी म्हणत नाही. पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्यातही गादी फाटलेली दिसते. रिपोर्टच्या तळाशी 'क्लिनिकल कोरिलेशन' लिहितात ते उगाच नाही. दुखतं कुठे आणि फोटोत दिसतं काय, याचा मेळ बसावा लागतो. आमच्या भाषेत रिकन्सिलिएशन!

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, फिल्मही न्या. दुखणं कसं सुरू झालं, आवाज आला का, गुडघा मध्येच अडकतो का, हे सांगा. आणि गुडघा सुजून गरम झाला, सोबत ताप असला, तर एक्स-रे नॉर्मल असो वा नसो, त्याच दिवशी दाखवा.