येता येणार नाही, पण आवडलं असतं



आपल्याकडे लग्नाचं बोलावणं आलं की तोंडावर कुणी 'नाही' म्हणत नाही. 'बघू', 'जमलं तर येतो', 'हळदीला नाही जमलं तर अक्षतांना तरी येऊच' असं आपण म्हणतो. बोलावणाऱ्यालाही त्यातलं काय ते कळतं. तो दोन माणसं कमी धरतो, नाहीतर दोन जास्त धरतो. पंगतीत कुठे मोजून बसवायचं असतं?

याच सवयीनं आमच्या गटाची यंदा पंचाईत झाली होती. आमचा बचत गट रेवदंड्याच्या बाजूला घरगुती मुक्कामाची सोय आणि जेवण करतो. दोन हिवाळे लागोपाठ एक फ्रेंच मुलगी आमच्याकडे राहून गेली. घावन उलटायला शिकली, नारळ खवताना बोटही कापून घेतलं. मार्चमध्ये तिच्या लग्नाचं निमंत्रण आलं. लग्न जुलैमधे, तिकडे फ्रान्सच्या समुद्रकाठी. कार्ड आम्हा सगळ्यांच्या नावानं होतं.

कार्डाला तिकडे फेर-पार म्हणतात. त्यावर आधी नगरपालिकेतल्या लग्नाची वेळ असते, कारण फ्रान्समध्ये कायद्यानं लग्न तिथंच लागतं. चर्चमधलं लग्न करायचं तर ते त्यानंतर. मग सरबत-वाइनचा कार्यक्रम आणि रात्रीचं जेवण. तळाशी एक ओळ होती : १५ मेच्या आत उत्तर कळवावं. आम्ही ती ओळ वाचली आणि सोडून दिली. विमानाचं भाडं, व्हिसा, पासपोर्ट यातलं काहीच आमच्याकडे नव्हतं. त्यात जुलै म्हणजे लावणी. जायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. पण 'नाही' कसं कळवायचं, म्हणून आम्ही 'प्रयत्न करू' असं कळवून टाकणार होतो.

आमच्यातल्या एका वहिनींच्या नात्यातल्या बाई मुंबईत फ्रेंच शिकवतात. त्यांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "असं लिहू नका. तिथं रात्रीच्या जेवणाला प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते. बऱ्याचदा टेबलावर नावाची चिठ्ठी असते, आणि जेवणवाला माणसं मोजून पैसे घेतो. 'प्रयत्न करू' म्हणालात तर ती पोरगी तुमच्यासाठी खुर्च्या अडवून बसेल. तिला राग येईल तो त्याचा, 'नाही'चा नव्हे."

म्हणजे आपल्याकडे जे मन राखणं, ते तिकडे मन दुखावणं. तिकडे लवकर आणि स्पष्ट नाही म्हणणं ही माया.

आमच्यातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीनं शब्दकोश घेऊन पहिला मसुदा केला. सुरुवात होती, 'नू रग्रेतों द व्हूझॅंफॉर्मे', म्हणजे 'आपणांस कळवण्यास आम्हांस खेद होतो'. (कागदावर फ्रेंच रोमन अक्षरांत असतं, इथं आपल्या अक्षरांत सांगतो.) व्याकरण बरोबर होतं. पण बाई हसल्या. म्हणाल्या, नोकरी नाकारल्याचं पत्र असं सुरू होतं. पुढे 'आम्ही येणार नाही' असं सरळ लिहिलं होतं, 'नू न व्हियॅंद्रों पा'. तेही चुकीचं नाही, पण कोरडं. फ्रेंचमध्ये 'नू न पूरों पा व्हनीर' असं म्हणायचं, म्हणजे 'आम्हाला येता येणार नाही'.

हे ऐकून आम्हाला गंमत वाटली. कारण हे तर मराठीतही तसंच आहे! 'मी येणार नाही' म्हटलं की ठसका लागतो, 'मला येता येणार नाही' म्हटलं की समोरची समजून घेते.

आणि खरी ऊब कुठे असते? ती 'असतं'मध्ये. 'तुमच्या लग्नाला यायला किती आवडलं असतं.' फ्रेंचमध्ये तेच वाक्य आहे : 'नूझोरियों ताँतेमे एत्र आव्हेक व्हू', 'आम्हाला तुमच्याबरोबर असायला फार आवडलं असतं'. नकाराच्या आधी हे वाक्य आलं की नकाराची धार जाते. ते नंतर आलं तर सारवासारव वाटते, असं बाईंचं म्हणणं. आम्हाला ते पटलं, कारण आपणही भांडं फुटल्यावर गोड बोलणाऱ्याला ओळखतोच.

कारण द्यायचं का? द्यायचं, पण एकच, आणि खरं. आमच्या मसुद्यात चार कारणं होती : पैसे, व्हिसा, लावणी, आणि एकीच्या सासूबाईंचे गुडघे. चार कारणं दिली की एकही खरं वाटत नाही. त्यातून पैशाचं कारण लिहिलं तर तिला वाटेल आपण तिकीट काढून द्यावं. आम्ही लावणी ठेवली. जुलैत भात लावायचं असतं, हे तिला आमच्या घरी राहून माहीत होतं.

शेवटी पत्र पाच वाक्यांचं झालं. मराठीत सांगायचं तर असं :

'तुमचं निमंत्रण वाचून आम्हाला खूप आनंद झाला. तुमच्याबरोबर असायला आम्हाला फार आवडलं असतं, पण आम्हाला येता येणार नाही. जुलैमध्ये आमची भातलावणी असते, सगळं गाव शेतात असतं. त्या दिवशी आम्ही तुमची आठवण काढू. तुम्हा दोघांना सुखाच्या खूप शुभेच्छा.'

नकार फक्त एकदा, दुसऱ्या वाक्यात, आणि तोही आवडलं असतं म्हटल्यानंतर. 'माफ करा' आम्ही तीनदा लिहिलं होतं, बाईंनी तिन्ही खोडले. फार माफी मागितली की समोरच्यालाच आपली समजूत काढावी लागते.

त्या मुलीला आम्ही अरे-तुरेनं बोलायचो. तिनंच सांगितलं होतं, फ्रेंचमध्ये 'त्यु' म्हणा, म्हणजे तू. मग पत्रात 'व्हू' का, असं कॉलेजवालीनं विचारलं. 'व्हू' म्हणजे तुम्ही, आदराचंही आणि अनेकांचंही. पत्र नवरा-नवरी दोघांना, म्हणून 'व्हू'. नवऱ्या मुलाला आम्ही पाहिलेलंही नाही, त्याच्याशी सलगी केली असं व्हायला नको, तेही या एका शब्दानं सुटलं.

शेवटचा शब्द मात्र वाद घालून ठरवावा लागला. पुस्तकात 'कोर्दियालमाँ' होता. बाई म्हणाल्या, हा बँकेच्या पत्रात असतो, तुमच्या पोरीला लागेल. तिला 'नू व्हूझाँब्रासों' लिहा. त्याचा अर्थ 'आम्ही तुम्हाला पापा देतो' हे कळल्यावर आमच्यातल्या थोरल्या काकी लाजल्या, कागदच बाजूला ठेवला. पण तिकडे जवळच्या माणसाला असंच लिहितात, आपण 'अनेक आशीर्वाद' लिहितो तसं. मात्र फक्त जवळच्यालाच. निमंत्रण अनोळखी आईवडिलांच्या नावानं आलं असतं तर 'आव्हेक तूत नोत्र आमितिए', 'आमच्या साऱ्या स्नेहासह', एवढ्यावर थांबायचं.

पांढऱ्या कांद्याची माळ भेट म्हणून पाठवू या, असंही कुणी सुचवलं. टपालात कुजली असती. येत नसताना भेट द्यायलाच हवी असा तिकडे नियम नाही, म्हणून आम्ही सगळ्यांनी एका कार्डावर सह्या केल्या, मराठीत.

पत्र एप्रिलच्या शेवटी, दिलेल्या तारखेच्या आत, ईमेलवर पाठवलं. दोन दिवसांत उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं की वाचून ती हसली आणि थोडी रडली, आणि लावणीचा फोटो पाठवा.

जुलैत लग्नाच्या दिवशी आम्ही गुडघाभर चिखलात होतो. काकींनी रोपाची मूठ वर धरली, कॉलेजवालीनं फोटो काढला. खाली काय लिहायचं ते काकींनीच सांगितलं : 'नूझाँब्रासों'. त्यात 'व्हू' राहून गेला. म्हणजे नुसतं 'आम्ही पापा देतो' असा अर्थ झाला, कुणाला ते नाहीच. तिला काय कळायचं ते कळलं.