इओसिनोफिलिक दम्यावरील जैविक औषधे : रुग्णाची निवड आणि गुणाची पारख

मेपोलिझुमॅब हे औषध एकदा अपयशी ठरून जवळजवळ बाजूला पडले होते. इंटरल्यूकिन-५ या संदेशवाहक प्रथिनाला बांधून ठेवणारे हे प्रतिपिंड. अस्थिमज्जेत इओसिनोफिल पेशी परिपक्व होतात, रक्तात उतरतात आणि श्वासनलिकेच्या अस्तरात तग धरून राहतात, ते बऱ्याच अंशी या प्रथिनाच्या बळावर. ते अडवले तर दमा शमेल, असा अंदाज होता. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३६२ दमेकऱ्यांना हे औषध किंवा त्याऐवजी निष्क्रिय द्रव देण्यात आला. रक्तातले इओसिनोफिल अपेक्षेप्रमाणे उतरले, पण दम्यात फरक पडला नाही. दोनच वर्षांनी इंग्लंडमधील लेस्टर आणि कॅनडातील हॅमिल्टन येथील दोन छोट्या अभ्यासांनी चित्र पालटले. लेस्टरच्या ६१ रुग्णांत वर्षभरातले तीव्र झटके निष्क्रिय द्रव घेणाऱ्यांत माणशी ३.४, तर औषध घेणाऱ्यांत २.० दिसले. हॅमिल्टनमध्ये गोळीच्या स्टेरॉइडवर जगणाऱ्या रुग्णांची मात्रा बरीच खाली आणता आली. रेणू तोच होता, रुग्ण वेगळे होते. पहिल्या चाचणीत इओसिनोफिल पाहून कोणाला निवडले नव्हते. नंतरच्या दोन्ही अभ्यासांत ज्यांच्या थुंकीत उपचार चालू असतानाही इओसिनोफिल टिकून होते आणि ज्यांना वारंवार झटके येत होते किंवा गोळी सोडवत नव्हती, तेच घेतले होते.

या घडामोडीतून दोन गोष्टी निघतात आणि आजचा सारा व्यवहार त्यांवरच उभा आहे. औषधाचा गुण निवडीवर ठरतो. आणि रक्तातले इओसिनोफिल उतरणे म्हणजे गुण येणे नव्हे.

निवडीची पहिली पायरी औषधाशी संबंधित नसते. ‘तीव्र दमा’ ही संज्ञा ज्याला लावायची, त्या रुग्णाला इन्हेलरमधील स्टेरॉइडची मोठी मात्रा आणि दीर्घकाळ टिकणारे श्वासनलिका-विस्फारक प्रत्यक्ष मिळत असले पाहिजे. चिठ्ठीवर लिहिलेले औषध आणि फुफ्फुसात पोचलेले औषध यांत फार अंतर असते. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने बरे वाटताच इन्हेलर बंद करणारे रुग्ण प्रत्येक छातीविकार बाह्यरुग्ण विभागात दिसतात. कॅप्सूल न टोचताच ओढणारे, स्पेसरशिवाय फवारा जिभेवर मारणारेही दिसतात. म्हणून रुग्णाला स्वतःचा इन्हेलर घेऊन बोलवावे, समोर वापरायला लावावा आणि औषधाच्या दुकानातल्या पावत्या मोजाव्यात. नाकातील पॉलिप, आम्लपित्ताची उलट, घरातला धूर, तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्यांनी उसळणारा दमा यांची चौकशी याच वेळी करावी. एवढे केल्यावर ‘तीव्र’ म्हणून पाठवलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा दमा नेहमीच्याच उपचारांनी आटोक्यात येतो. या कामात दोन-तीन महिने गेले तरी ते वाया जात नाहीत.

दुसरी पायरी इओसिनोफिलची. गणिती उंबरठे सर्वपरिचित आहेत : दर मायक्रोलिटरला १५० किंवा त्याहून अधिक पेशी उपचार चालू असताना, अथवा मागच्या वर्षात कधीतरी ३००. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मेन्सा चाचणीत हेच निकष होते आणि तेथे झटके जवळपास निम्म्यावर आले. संख्या जितकी चढी आणि मागील वर्षातले झटके जितके अधिक, तितकी लाभाची शक्यता मोठी. मोठेपणी सुरू झालेला दमा, नाकातील पॉलिप आणि गोळीवरचे अवलंबन याही अनुकूल खुणा आहेत. मात्र गोळीचे स्टेरॉइड ही संख्या काही तासांतच दाबून टाकते. रोज प्रेडनिसोलोन घेणाऱ्याचा आजचा अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून त्याला वगळणे ही निवडीतली सर्वांत सामान्य चूक होय. अशा वेळी जुने कागद चाळावेत, आणि गोळीचा कोर्स संपून एक-दोन आठवडे झाल्यावर किंवा शक्य तितक्या कमी मात्रेवर पुन्हा मोजणी करावी. एकदा कमी आली तर आणखी दोनदा पाहावी.

तिसरी पायरी आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे, कारण इओसिनोफिल वाढवणाऱ्या इतर व्याधी येथे दुर्मीळ नाहीत. स्ट्राँगिलॉइडिस हा आतड्यातला कृमी स्टेरॉइडखाली उफाळतो, तर जैविक औषध कृमींविरुद्धच्या बचावाची एक फळी काढून घेते. म्हणून इंजेक्शनाआधी त्याची रक्ततपासणी आणि आढळल्यास आयव्हरमेक्टिन, हा क्रम चुकवू नये. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा यांसारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यातून आलेल्या, रात्री खोकणाऱ्या आणि इओसिनोफिल काही हजारांत असलेल्या रुग्णात उष्णकटिबंधीय फुफ्फुसी इओसिनोफिलियाचा विचार आधी करावा. तो डायइथाइलकार्बामाझिनने बरा होतो. ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी रक्तातील आयजीई आणि सीटी स्कॅनवरून ओळखता येते. संख्या १५०० च्या पुढे असेल आणि सोबत हातापायांत मुंग्या, पाय लुळा पडणे किंवा अंगावर जांभळे चट्टे असतील, तर तो रक्तवाहिन्यांचा दाह असण्याचा संभव असतो. त्याच्या उपचारांची दिशा आणि मेपोलिझुमॅबची मात्राही वेगळी असते.

एक नमुना रुग्ण घेऊन हे सारे पाहता येते. वय ४६, प्राथमिक शाळेतील शिक्षिका, दमा ३८ व्या वर्षी सुरू झालेला, पॉलिपची शस्त्रक्रिया दोनदा, वास येणे बंद. वर्षभरात प्रेडनिसोलोनचे पाच कोर्स आणि आता रोज १० मिलिग्रॅम, त्यातून मधुमेह जडलेला. इन्हेलरचे तंत्र बरोबर, पावत्या नियमित. दमा नियंत्रण चाचणीत २५ पैकी ११ गुण. पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा अपेक्षेच्या ५८ टक्के. इओसिनोफिल ९०. या आकड्यावर थांबले असते, तर उपचार नाकारला गेला असता. पण पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या अहवालात, गोळी सुरू होण्याआधी, एकूण पांढऱ्या पेशी ९००० आणि इओसिनोफिल ८ टक्के असे छापलेले होते. अनेक प्रयोगशाळा फक्त टक्केवारीच देतात, गुणाकार वाचणाऱ्याने करायचा असतो. तो केल्यावर ७२० हा आकडा निघतो. कृमी, हत्तीरोग, ॲस्परजिलस आणि रक्तवाहिन्यांचा दाह यांच्या तपासण्या निर्दोष आल्या. मोठेपणी जडलेला, पॉलिपसह आलेला, गोळीने दाबलेला इओसिनोफिलिक दमा असे निदान पक्के झाले आणि मेपोलिझुमॅब १०० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी त्वचेखाली सुरू झाले.

औषधाची निवड वेगळीही होऊ शकली असती. बेन्रालिझुमॅब इओसिनोफिलवरील ग्राहकालाच चिकटते आणि पेशी जवळपास नाहीशी करते. त्याचे पहिले तीन डोस दर महिन्याला आणि नंतरचे दर आठ आठवड्यांनी असतात, ही दूरच्या गावाहून येणाऱ्यांसाठी सोय आहे. डुपिलुमॅब इंटरल्यूकिन-४ आणि १३ चा मार्ग अडवते. उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड चढे असेल, सोबत पॉलिप किंवा त्वचेचा इसब असेल, तर त्याचे पारडे जड होते. पण त्याने रक्तातले इओसिनोफिल काही काळ वाढू शकतात, म्हणून मुळातच १५०० च्या वर असलेल्यांत ते टाळावे. या औषधांची समोरासमोर तुलना करणाऱ्या चाचण्या फारशा झालेल्या नाहीत. त्यामुळे अमुक एक सर्वश्रेष्ठ असे ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

गुणाची पारख इंजेक्शनाच्या आधीच सुरू होते. मागील १२ महिन्यांतले झटके, गोळीची रोजची मात्रा, नियंत्रण चाचणीचे गुण आणि फुफ्फुसांची क्षमता हे चार आकडे पहिल्या दिवशी लिहून ठेवले नसतील, तर वर्षाअखेरी केवळ ‘बरं वाटतंय’ एवढेच हाती उरते. महागडे इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाला थोडे बरे वाटणे स्वाभाविक आहे. खर्च बहुधा कुटुंबाच्याच खिशातून होतो, त्यामुळे नाही म्हणणे दोघांनाही जड जाते. पहिला आढावा चार महिन्यांनी घ्यावा. चित्र संदिग्ध असेल तर सहा ते बारा महिने वाट पाहावी, आणि काहीच हालले नसेल तर औषध थांबवावे. ब्रिटनमधील शासकीय निकषांनुसार वर्षभरात झटके अर्थपूर्ण प्रमाणात घटले नाहीत आणि गोळीची मात्राही तशी खाली आली नाही, तर मेपोलिझुमॅब बंद होते. नियंत्रण चाचणीत तीन गुणांची वाढ हा जाणवणारा फरक मानतात. रक्तातील इओसिनोफिल या यादीत येत नाहीत. ते जवळजवळ सर्वांत उतरतात, गुण आलेल्यांत आणि न आलेल्यांतही.

त्या शिक्षिकेला चार महिन्यांत एकही झटका आला नाही. गुण ११ वरून १६ झाले, हवा ५८ वरून फक्त ६१ टक्के. केवळ हवेकडे पाहणाऱ्याला ही निराशा वाटेल, पण या औषधांचे मुख्य काम झटके रोखणे आणि गोळी सोडवणे हे आहे. प्रेडनिसोलोन टप्प्याटप्प्याने ५ मिलिग्रॅमवर आणले. येथून पुढे उतरण्याआधी सकाळचे कॉर्टिसॉल मोजले, कारण वर्षानुवर्षे गोळी घेतलेल्यांच्या अधिवृक्क ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. बेन्रालिझुमॅबवर गोळी उतरवण्याच्या एका मोठ्या अभ्यासात अर्ध्याहून अधिक रुग्णांत हे न्यून आढळले होते. थकवा, मळमळ, उठल्यावर चक्कर ही त्याची लक्षणे. ती दमा उलटल्याची समजून गोळी पुन्हा वाढवली, तर उपचार विनाकारण अपयशी ठरतो. कॉर्टिसॉल कमी आल्यामुळे इथे मात्रा दर महिन्याला १ मिलिग्रॅम इतक्याच वेगाने उतरवली.

आठव्या महिन्यात धाप वाढली, ताप आला, पिवळी थुंकी पडू लागली. इंजेक्शन फसले असा निष्कर्ष या टप्प्यावर सहज निघतो. तपासणीत इओसिनोफिल ४०, सीआरपी चढलेले आणि नायट्रिक ऑक्साइड कमी. मेपोलिझुमॅब घेत असताना येणारे झटके दोन प्रकारचे असतात, हे ब्रिटनमधील अभ्यासातून स्पष्ट झाले आहे : इओसिनोफिलचे आणि संसर्गाचे. हा दुसऱ्या प्रकारचा होता. उपचार प्रतिजैविकाने झाला आणि इंजेक्शन चालू राहिले. हाच झटका थुंकीत इओसिनोफिल आणि चढ्या नायट्रिक ऑक्साइडसह आला असता, तर दुसऱ्या मार्गावरील औषधाचा विचार रास्त ठरला असता. गोळी उतरताना हातापायांत मुंग्या आल्या असत्या, तर स्टेरॉइडखाली झाकलेला रक्तवाहिन्यांचा दाह नव्याने शोधावा लागला असता.

वर्षाअखेरी पाचऐवजी एक झटका, १० ऐवजी १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, ११ ऐवजी १९ गुण. वास परत आला नाही आणि हवा ६४ टक्क्यांवर थबकली. वर्षभर झटका नाही, गोळी नाही, लक्षणे आटोक्यात आणि फुफ्फुसे स्थिर, या अर्थाने ज्याला शमन म्हणतात ते येथे साधलेले नाही. गुण मात्र निःसंशय आहे आणि उपचार चालू ठेवण्यास तो पुरेसा आहे.

किती काळ, हा प्रश्न रुग्ण पहिल्याच भेटीत विचारतो. किमान तीन वर्षे मेपोलिझुमॅब घेतलेल्यांपैकी काहींचे औषध थांबवून केलेल्या तुलनेत, थांबवलेल्यांत झटके पुन्हा वाढले. म्हणून उतरवण्याचा क्रम असा ठेवावा : प्रथम गोळी, मग इतर पूरक औषधे, मग इन्हेलरमधील स्टेरॉइडची मात्रा. इन्हेलर पूर्ण बंद करू नये आणि इंजेक्शनाला शेवटी हात लावावा. खर्च झेपेनासा होऊन ते थांबवणे भागच पडले, तर इन्हेलरची मात्रा आधी पूर्ववत करावी आणि पहिले सहा महिने दर महिन्याला तेच चार आकडे पुन्हा नोंदवावेत.