डिरॅकला नको असलेलं 2ab



(a + b)² मधलं 2ab विसरलं की आपले गुण जायचे. 1928 मध्ये पॉल डिरॅकला मात्र ते 2ab नकोच होतं.

सापेक्षतेत ऊर्जेचा वर्ग मिळतो: E² = p² + m² (प्रकाशाचा वेग 1 धरला आहे). क्वांटमच्या समीकरणासाठी डिरॅकला नुसता E हवा होता. त्याने E = αp + βm असं मांडलं. याचा वर्ग करताना मधलं αβ + βα शून्य व्हायला हवं. साध्या संख्यांनी ते जमत नाही. मॅट्रिक्सनी जमतं, कारण तिथे गुणाकाराचा क्रम बदलला की चिन्ह बदलू शकतं. तीन दिशांसाठी किमान 4×4 ची मॅट्रिक्स लागते. म्हणून इलेक्ट्रॉनच्या तरंगाला चार घटक आले.

त्यातून स्पिनच्या दोन अवस्था निघाल्या. पाउलीने त्या आधी वरून जोडल्या होत्या, इथे आपोआप आल्या. पण वर्गमुळाला ± असतोच, त्यामुळे ऋण ऊर्जेच्याही दोन अवस्था आल्या. डिरॅकने आधी त्यांचा संबंध प्रोटॉनशी लावून पाहिला. पण वस्तुमान जुळेना. 1931 मध्ये त्याने इलेक्ट्रॉनच्याच वस्तुमानाचा, धन भाराचा कण सुचवला.

1932 मध्ये कार्ल अँडरसनला चुंबकीय क्षेत्रात उलटा वळलेला तसा माग दिसला. शिशाच्या पत्र्यापलीकडे तो जास्त वाकला होता, म्हणजे तिथे कणाचा संवेग कमी झाला होता. त्यावरून जाण्याची दिशा कळली. नाहीतर तो उलट दिशेने जाणारा साधा इलेक्ट्रॉनच ठरला असता.