सही करण्याआधी: बॉण्ड, नोटीस आणि नॉन-कॉम्पिट

आजचा भाग माझ्या मामेभावामुळे करतोय. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "दादा, ऑफर आली! उद्या दुपारपर्यंत सही करून पाठवायचीये." मी म्हटलं, आधी पीडीएफ पाठव. बावीस पानं होती. त्यानं वाचलं होतं एकच, पगाराचं.

आत तीन अटी होत्या. नोकरी सोडल्यावर एक वर्ष स्पर्धक कंपनीत जायचं नाही. दोन वर्षांचा बॉण्ड, आधी सोडलं तर दोन लाख भरायचे. आणि नोटीस ९० दिवसांची. तो सगळ्यात जास्त घाबरला होता पहिल्या अटीला आणि नोटीस त्याला किरकोळ वाटत होती. मी म्हटलं, अरे, तू बरोबर उलटा घाबरतोयस.

आधी नॉन-कॉम्पिट. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ सांगतं की कुणाला कामधंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. म्हणून नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी आपल्याकडच्या कोर्टात सहसा टिकत नाही. पण नोकरीत असताना दुसरीकडे काम न करण्याची अट चालते. आणि गोपनीयतेची अट सोडल्यानंतरही लागू राहते. म्हणजे नवीन कंपनीत जा, पण जुन्या कंपनीचा कोड किंवा क्लायंटची यादी बरोबर नेऊ नका.

आता बॉण्ड. "बॉण्ड बेकायदेशीर असतो रे, कर सही" असं सांगणारा सीनियर प्रत्येक कॉलेजात असतो. ते खरं नाही. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांची सेवा आणि दोन लाखांची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, आणि नवीन भरतीला लागणारा खर्च कोर्टानं विचारात घेतला. दुसरी बाजूही आहे. त्याच करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, आणि कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढी भरपाई देतं. पण दोन लाखांसाठी कोर्टात कोण जातं? म्हणून कागदावरचे शब्द आधीच नीट बघायचे.

त्यात दोन गोष्टी शोधा. पहिली, दोन वर्षं कधीपासून मोजणार? जॉइनिंगपासून की ट्रेनिंग संपल्यापासून? ट्रेनिंग तीन महिन्यांचं असेल तर चोविसाचे सत्तावीस महिने होतात. दुसरी, रक्कम दर महिन्याला कमी होते का? समजा जॉइनिंगपासून मोजलं आणि भावानं चौदाव्या महिन्याअखेर सोडलं. सरसकट रक्कम असेल तर दोन लाख. उरलेल्या दहा महिन्यांच्या प्रमाणात असेल तर ८३,३३३ रुपये.

आणि शेवटी नोटीस. ही खरी चावते, कारण इथे कंपनीला कोर्टात जावं लागत नाही. फुल अँड फायनलमधून पैसे कापले जातात आणि रिलीव्हिंग लेटर अडकतं. नवीन कंपनी म्हणते ३० दिवसांत या, मग उरलेले ६० दिवस विकत घ्यावे लागतात. भावाचा बेसिक होता महिना १५,००० आणि ग्रॉस ३०,०००. कापायचं बेसिकवर असेल तर ३०,००० जातात, ग्रॉसवर असेल तर ६०,०००. पैसे भरून लवकर सुटायची परवानगी तुमचा हक्क आहे की "कंपनीच्या मर्जीनुसार" आहे, तेही बघा. मर्जी असेल तर पैसे तयार असूनही तुम्हाला थांबवता येतं. कंपनीनं तुम्हाला काढायचं असेल तर ती किती दिवसांची नोटीस देणार, तेही वाचा. भावाच्या करारात तिच्यासाठी फक्त ३० दिवस होते.

आता बेरीज करा. त्याच माणसानं त्याच दिवशी नोकरी सोडली, तर एका शब्दरचनेत २,६०,००० जातात, दुसरीत १,१३,३३३.

आम्ही रात्रीच एचआरला ईमेल टाकला, तीनच प्रश्न. बॉण्ड कधीपासून मोजणार, रक्कम महिन्यागणिक कमी होणार का, आणि नोटीसचे पैसे बेसिकवर की ग्रॉसवर? सकाळी एचआरचा फोन आला, "अरे, काळजी करू नकोस, आम्ही कुणाकडून घेत नाही." गोड माणूस! पण करारात बहुतेक वेळा एक ओळ असते की या कागदाबाहेरचं बोलणं ग्राह्य नाही. म्हणून भावानं नम्रपणे सांगितलं, "सर, हेच मेलवर द्याल का?"

संध्याकाळी मेल आला. बॉण्ड जॉइनिंगपासून मोजणार आणि रक्कम महिन्यागणिक कमी होणार, तसा सुधारित करारही सोबत होता. नोटीस मात्र ९० दिवस आणि ग्रॉसवरच राहिली. त्यानं सही केली. पण चौदाव्या महिन्यात सोडलं तर किती जातील, तो आकडा आता त्याला पाठ आहे: १,४३,३३३.

तुमच्या करारातला आकडा किती? आज काढून बघा. भेटू पुढच्या भागात!