सीमा कोणाच्या?

संकलन म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, हे आपण सगळे बारावीत शिकलो आहोत. त्यात वेळ घालवत नाही. पडद्यावर एका विद्यार्थ्याच्या वहीचा फोटो आहे. गणित असं:

∫₀² x(x²+1)³ dx

मुलानं u = x²+1 घेतलं. मग du = 2x dx, म्हणून x dx च्या जागी du/2. संकलन आलं u⁴/8. इथवर सगळं चोख. उत्तर मात्र २! (सभागृहातून : "बरोबरच आहे की!") नाही हो. x = 1 ला या फलाची किंमत ८ आहे आणि तिथून ती वाढत वाढत x = 2 ला २५० होते. म्हणजे १ ते २ एवढी पट्टीच ८ पेक्षा जास्त क्षेत्रफळ व्यापते. मग सगळं मिळून २ कसं होईल? (हशा)

त्यानं u च्या जागी ० आणि २ घातले. पण त्या सीमा x च्या. x शून्य असतो तेव्हा u असतो १. x दोन होतो तेव्हा u होतो ५. म्हणून (5⁴ − 1⁴)/8 = 624/8 = 78.

संकलनचिन्हाच्या खाली-वर सीमा लिहिण्याची रीत फूरिए यांनी रूढ केली; उष्णतेवरचा त्यांचा ग्रंथ १८२२चा. त्या रीतीत आकडे दिसतात, ते कोणत्या चलाचे हे dx किंवा du वरूनच ओळखायचं. म्हणून माझा आग्रह आहे : ज्या ओळीत du आला, त्याच ओळीत सीमा बदला.

(एक ज्येष्ठ शिक्षक : "आम्ही शेवटी x परत आणायला शिकवलं. ते चूक?")

सर, मुळीच नाही, उत्तर ७८च येतं. पण मधल्या ओळीत du शेजारी ० आणि २ राहिले, तर ती ओळ खोटी असते. मुलगा तिथेच फसतो. (टाळ्या)

आता हे बघा, ∫₋₁¹ x² dx. u = x² घेतलं तर दोन्ही सीमा १ येतात. मग उत्तर शून्य? x² तर ऋण होतच नाही! झालं असं, की x dx चा du/2 झाला तरी एक x उरतो आणि आपण डोळे झाकून त्याला √u म्हणतो. शून्याच्या डावीकडे तो −√u असतो. म्हणून शून्यापाशी दोन तुकडे करायचे. उजवीकडे u ० ते १ जातो, डावीकडे १ ते ०. दोन्हीकडे 1/3 येतो, एकूण 2/3.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. त्रिकोणमितीची उदाहरणं राहिली. शिक्षकांना एकच विनंती : सीमा बदलण्याच्या पायरीला फळ्यावर जागा द्या, आणि तपासताना तिला गुण द्या.